निधनवार्तेतील ‘पश्चात’ आणि एक अनिश्चित ‘नेफ्यू’

दुभाष्या: एका कुटुंबाने इंग्रजीत लिहिलेल्या पाच ओळींच्या निधनवार्तेचा मी वर्तमानपत्रासाठी अनुवाद करीत आहे. निवृत्त शिक्षिका, वय ८६, अल्प आजारानंतर राहत्या घरी ‘पीसफुली’ निधन; ‘सर्व्हाइव्ड बाय’ एक मुलगा, दोन मुली, चार नातवंडे आणि त्यांनीच वाढवलेला एक ‘नेफ्यू’, एवढाच मजकूर आहे. मी ‘त्यांच्या पश्चात … असा परिवार आहे’ असे लिहिले, तर घरातील एका ज्येष्ठांनी ‘पश्चात म्हणजे गैरहजेरीत, त्या काय गावाला गेल्या आहेत?’ असे म्हणून ते खोडले आणि ‘मागे’ लिहायला सांगितले. शिवाय हा नेफ्यू पुतण्या म्हणावा की भाचा?

शुद्धमती: ज्येष्ठांचे चुकले आहे, पण तुमचेही लेखन अशुद्ध आहे. मूळ शब्द ‘पश्चात्’ असा असून त्याचा पाय मोडलाच पाहिजे. वर्तमानपत्रांनी सर्वच शब्दांचे पाय जोडून टाकल्यामुळे नव्या पिढीला हे ठाऊक नाही.

जुना मुद्रितशोधक: संस्कृत लिहिताना पाय मोडावा, मराठीत साहित्य महामंडळाच्या नियमांनी कदाचित, अकस्मात, अर्थात हे शब्द अकारान्त केले आहेत आणि ‘पश्चात’ त्याच पंगतीत बसतो. अर्थाविषयी म्हणाल तर ‘माझ्या पश्चात घराकडे लक्ष ठेवा’ हा वापर खराच आहे, पण निधनवार्तेत त्याच शब्दाला मृत्यूनंतरचा अर्थ इतका पक्का चिकटला आहे की वाचकाचा घोटाळा होत नाही. ‘त्यांच्या मागे दोन मुली आहेत’ हेही चालते, मात्र वाक्य ‘असा परिवार आहे’ यावरच संपवावे, नाहीतर यादी अधांतरी लोंबकळते.

‘पीसफुली’ सोडून द्या. आपल्याकडे ती जागा कारणाला दिलेली असते, म्हणून ‘अल्पशा आजाराने राहत्या घरी निधन झाले’ एवढे पुरे. मूळ मजकुरात आजार लिहिलेला असताना सवयीने ‘वृद्धापकाळाने’ घालू नका.

कडेलोट: माझ्या वडिलांच्या वेळी बातमीत ‘वयाच्या ८२व्या वर्षी’ असे छापून आले होते. वडिलांना ८२ पूर्ण होऊन चार महिने झाले होते, म्हणजे त्यांना ८३वे वर्ष लागले होते. काकांनी तो कागद महिनाभर खिशात ठेवून प्रत्येकाला दाखवला. आमच्या वेळी ‘दुःखद निधन’ असेही लिहीत. सुखद निधन कुणाचे असते, हे मात्र कुणी सांगितले नाही.

जुना मुद्रितशोधक: काकांचे बरोबर होते. येथेही ‘त्या ८६ वर्षांच्या होत्या’ असेच लिहावे. ‘८६व्या वर्षी’ म्हटले की एक वर्ष कापले जाते. माझा मसुदा असा: ‘निवृत्त शिक्षिका श्रीमती अमुक यांचे मंगळवारी अल्पशा आजाराने राहत्या घरी निधन झाले. त्या ८६ वर्षांच्या होत्या. त्यांच्या पश्चात एक मुलगा, दोन मुली, चार नातवंडे आणि भाचा असा परिवार आहे.’ वार आणि नाव मूळ मजकुरावरून बदलून घ्यावे. रिवाजाप्रमाणे सून व जावईही येतात, पण इंग्रजीत ते नसतील तर कुटुंबाला विचारल्याशिवाय भरू नयेत. मुलगी विवाहित आहे की नाही, हे अनुवादकाने ठरवायचे नसते.

दुभाष्या: पण तुम्ही भाचा कसा ठरवला?

जुना मुद्रितशोधक: घाईने ठरवला, हे कबूल. बाईच्या भावाचा आणि बहिणीचा मुलगा हे दोघेही तिचे भाचेच, आणि नणंदेचा मुलगाही भाचाच; फक्त दिराचा मुलगा पुतण्या. शक्यता भाच्याकडे झुकते, पण छापण्याला शक्यता पुरत नाही.

कडेलोट: वाढवलेला आहे, तर ‘मानसपुत्र’ लिहा.

शुद्धमती: मानसपुत्र म्हणजे मनातून निर्माण झालेला. एखाद्या लेखकाने रंगवलेल्या पात्राला तो शब्द शोभेल, जिवंत माणसाला नाही. त्यापेक्षा बाईंच्या नावामागे ‘कै.’ का नाही, हे सांगा.

जुना मुद्रितशोधक: निधनाच्याच बातमीत ‘कै.’ लावत नाहीत. आधी वारलेल्या पतीचा उल्लेख असेल तर तो तेथे येतो.

शुद्धमती: कैलास न मानणाऱ्यांसाठी मग ‘दिवंगत’ हाच एक निधर्मी शब्द उरतो.

कडेलोट: दिवंगत म्हणजे ‘दिवं’, अर्थात स्वर्गात गेलेला. निधर्मी कुठून झाला?

शुद्धमती: व्युत्पत्ती आणि रूढी या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कडेलोट: हेच ‘पश्चात्’च्या वेळी तुम्हाला का सुचले नाही?

दुभाष्या: मी कुटुंबाला नेफ्यूचे नाते विचारले आहे, त्यांचे उत्तर दोन शब्दांचे आहे: ‘कझिनचा मुलगा’. आता हा चुलतभावाचा, मामेबहिणीचा की यजमानांकडच्या कुणाचा, हे पुन्हा विचारावे लागणार, आणि पानाची वेळ संध्याकाळी सातची आहे.