उचकी लागली की तुमच्याकडे काय करतात?

विट्याची_सून: काल लग्नात पंगतीला शेजारच्या काकूंना उचकी लागली, लगेच सगळ्या सुरू, कोण आठवण काढतंय वो? आमची आजी चमचाभर साखर कोरडीच तोंडात टाकायची, वर पाणी नाही. थांबायची पण! ह्यात काही खरं आहे का? तुमचे अनुभव लिहा.

भडंगप्रेमी: आम्ही एकेकाचं नाव घेतो, ज्याच्या नावाला थांबली त्यानं आठवण काढली. बायकोची कायम सासूबाईंच्या नावाला थांबते, माझा नंबरच लागत नाही 😂

सिस्टर_मिरज: छातीपोटाच्या मधला पडदा एकदम आखडतो, हवा आत ओढली जाते आणि तेवढ्यात घसा मिटतो, तो हिक्क आवाज. भराभर जेवलं, सोडा प्याला, पोट फुगलं की तिथल्या नसा चाळवतात. साखर घशात मागं खरखरते, त्या नसा तिकडं गुंतत असाव्यात. 1971 ला डॉक्टरांनी 20 पेशंटना चमचा चमचा साखर दिलेली, 19 जणांची थांबली. पण साखर न देता किती जणांची थांबली असती हे बघितलंच नव्हतं, साधी उचकी आपोआप जातेच की. म्हणून पक्कं म्हणणार नाही.

कराडकर: श्वास रोखायचा. ऑक्सिजन कमी पडला म्हणूनच उचकी लागते

सिस्टर_मिरज: मग रोखून अजूनच कमी होईल की दादा 😄 उपाय बरोबर, कारण उलटं. रोखल्यावर रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्यानं पडदा शांत होतो.

भडंगप्रेमी: आणि दचकवणं? भाऊ मागनं येऊन ओरडायचा, उचकी तशीच, हातातलं भडंग मात्र अंगणभर

नवी_आई: माझं बाळ दोन महिन्यांचं आहे, दूध प्यालं की उचक्या, साखर चाटवू का, सासूबाई म्हणतात मध

सिस्टर_मिरज: नको!! मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. मधे थांबून ढेकर काढ, बाळ खेळतंय पितंय तर काळजी नाही.

पलूसचा_पाटील: आमच्या आण्णांची गोष्ट वेगळी. कंबरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन झालं, दुसऱ्या दिवशी उचकी सुरू. झोपेत पण, घास खाली जाईना. साखर, मोरपिसाचं भस्म, थंड पाणी, सगळं झालं. तिसऱ्या दिवशी फॅमिली डॉक्टरांनी आधी विचारलं नवीन औषध कुठलं? मग ईसीजी, क्रिएटिनिन. दोन्ही नॉर्मल. पुढचं इंजेक्शन थांबवलं, बॅक्लोफेन दिलं, रात्री झोपले.

विट्याची_सून: उचकीला ईसीजी?

सिस्टर_मिरज: हो, हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक त्या पडद्याजवळच असतो, कधीकधी उचकीच दिसते. किडनी बिघडली तरी लागते. 48 तास झाले की घरगुती बंद.

कराडकर: भस्माचं काय मग? आमच्यात अजून देतात

पलूसचा_पाटील: आण्णांना तरी फरक नव्हता

नवी_आई: भडंग कुठलं आणता वो, सांगलीत जायचंय रविवारी