मदत हवी आहे: हेल्मेटचा पट्टा, गॉगल आणि रुमाल असलेल्या शॉटमध्ये चेहरा बदलताना काय ठेवायचं, काय नव्यानं बनवायचं?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. अमळनेरची आम्ही काही मुलं मिळून अहिराणी लघुपट करतोय. चोपडा-यावल रस्त्यावर केळीच्या बागांमधून बुलेटवरचा पाठलाग आहे. नायकाला गाडी सराईतपणे चालवता येत नाही, म्हणून गाडीवर डुप्लिकेट बसवला. आता त्याच्या चेहऱ्याच्या जागी नायकाचा चेहरा आणायचा आहे. दोघांचीही लेखी संमती घेतली आहे.

तीन शॉट अडलेत. पहिल्यात उघड्या तोंडाचं हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा आणि काळाकुट्ट गॉगल. दुसरा पेट्रोल पंपावरचा, तिथे फिकट काचेचा गॉगल आहे आणि काचेतून डोळे थोडे दिसतात. तिसऱ्यात उन्हासाठी नाका-तोंडावर रुमाल बांधलाय, आपल्याकडे मे महिन्यात सगळेच बांधतात तसा.

डीपफेसलॅब वापरतोय, SAEHD मॉडेल, `wf` प्रकार. नायकाचं वेगळं चित्रीकरण आहे, त्यात हेल्मेट नाही, पण काही क्लिपमध्ये त्यानं गॉगल घातलाय. अडचण अशी की पट्टा गालावर मध्येच विरघळतो आणि पुढच्या फ्रेमला परत येतो. गॉगलच्या खालच्या कडेला गालाची कातडी चढते. ट्रेनिंग आणखी चालवलं तर सुधारेल का? आणि झाकलेल्या भागाचं नेमकं करायचं काय?

पांझराकाठी

भाऊ, एवढा त्रास कशाला? फेसफ्यूजनमध्ये फेस मास्कच्या पर्यायात `occlusion` निवड, झालं काम. हात, माईक, चष्मा, जे काही चेहऱ्यापुढे येईल ते आपोआप वगळतं. मी मुलाखतींच्या व्हिडिओत वापरलंय, नायकाचा एक फोटो पुरतो, ट्रेनिंगची गरजच नाही. `region` पण चालू करून ठेव, त्यात डोळे, नाक, ओठ, कातडी वेगवेगळे ओळखतात.

शिरपूर_फोटो

मना बी असाच प्रॉब्लेम शे भाऊ. २०२१ च्या लग्नाचे फोटो आहेत, करवलीच्या तोंडाला सगळीकडे मास्क. आता घरचे म्हणतात मास्क काढून चेहरा दाखवा. मास्कखालचं नाक-तोंड कोणत्या ॲपनं येईल ते कुणी सांगा.

गिरणाई

शिरपूर_फोटो, तुमचा प्रश्न उलटा आहे. बोरीकाठला वस्तू राहू द्यायची आहे, तुम्हाला ती काढायची आहे. ॲप जे नाक-तोंड काढून देईल ते कुणाचं तरी सरासरी नाक-तोंड असेल, त्या मुलीचं नाही, आणि घरच्यांना ते पहिल्या नजरेत कळेल. त्याच दिवशी जेवताना किंवा हळदीला तिनं मास्क काढला असेल, तो फोटो शोधा. डोक्याचा कोन आणि उजेडाची दिशा जुळणारा मिळाला तर खालचा अर्धा चेहरा तिथून घ्या. नाही मिळाला तर मास्क राहू द्या.

आता मूळ प्रश्न. मी कंपोझिटिंगचं काम करते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

पट्टा विरघळतो, कारण मॉडेलला तो चेहऱ्याचाच भाग वाटतोय. नायकाच्या चेहऱ्यावर त्यानं पट्टा कधी पाहिलेला नाही, म्हणून डुप्लिकेटच्या पट्ट्याची ते नायकाची कातडी करू पाहतं. एका फ्रेमला जमतं, एका फ्रेमला जमत नाही. ट्रेनिंग वाढवून हे जाणार नाही, उलट पट्ट्याचा काळपटपणा गालात आणखी मुरेल.

आधी ठरवायचं ते एवढंच: त्या फ्रेममध्ये कॅमेऱ्याला जेवढी कातडी दिसतेय तेवढीच नव्यानं बनवायची. पट्ट्याखालचा गाल आणि काळ्या काचेमागचे डोळे बनवायचेच नाहीत. पट्टा आणि गॉगल मूळ फ्रेममधूनच वर आले पाहिजेत. त्यासाठी ट्रेनिंगच्या आधी मास्क हवा, आणि तो हातानं शिकवावा लागतो:

```
5.XSeg) data_dst mask - edit.bat
5.XSeg) train.bat
5.XSeg) data_dst trained mask - apply.bat
```

समजा शॉट १२ सेकंदांचा आहे, २५ च्या गतीनं ३०० फ्रेम झाल्या. सगळ्या रंगवू नकोस. एकमेकींपासून वेगळ्या तीसेक निवड: डोकं डावीकडे, उजवीकडे, सावलीत, उन्हात, पट्टा ताणलेला, पट्टा हललेला. प्रत्येकीत आधी चेहऱ्याची पूर्ण बाह्यरेषा काढ, मग पट्टा आणि गॉगल वगळणाऱ्या रेषेनं कापून टाक. XSeg शिकव, मास्क लावून बघ, आणि जिथे चुकलंय तेवढ्याच फ्रेम पुन्हा हातानं दुरुस्त कर. नायकाच्या बाजूच्याही थोड्या फ्रेम अशाच आखून त्यांनाही मास्क लाव. मग SAEHD मध्ये `masked_training` चालू ठेव, म्हणजे मॉडेल पट्टा शिकण्यात वेळ घालवणार नाही.

आणखी एक. गॉगल असला की डोळ्यांचे बिंदू अंदाजानं पडतात आणि चेहरा थरथरतो. `aligned_debug` फोल्डर उघडून बघ. डोळ्यांचे बिंदू काचेवर इकडून तिकडे उड्या मारत असतील, तर त्या फ्रेमचे बिंदू हातानं लावून घे. मास्क कितीही चांगला असला तरी ही थरथर मास्कनं जात नाही.

पांझराकाठी

ताई, पण हे सगळं `occlusion` आपोआप करतंच ना?

गिरणाई

बरंचसं करतं, तुझं म्हणणं चूक नाही. समोरून, जवळून आणि हात किंवा माईकसारखी ठळक वस्तू असेल तर छान चालतं. पण तो मास्क २५६ पिक्सेलच्या चौकोनात तयार होतो. डोकं वळलं आणि पट्टा जबड्याच्या कडेला आडवा दिसू लागला की त्याच्या वाट्याला मोजके पिक्सेल उरतात. तिथेच तो तुटतो. `region` इथे उपयोगाचं नाही. चेहऱ्याचे भाग ओळखणारी ही मॉडेलं बहुतेक ज्या संचावर शिकली, त्यात १९ वर्ग आहेत. चष्मा आणि टोपी आहे, पण हनुवटीचा पट्टाही नाही आणि रुमालही नाही. मग पट्ट्याला कधी कातडी म्हणतात, कधी मान, कधी कपडा.

तुझ्या साधनाचा एक फार चांगला उपयोग मात्र सांगते. डुप्लिकेटचाच फोटो घेऊन डुप्लिकेटच्याच व्हिडिओवर चेहरा बदल, मास्क बंद ठेवून. मग मूळ फ्रेमवर तो निकाल `Difference` मोडमध्ये ठेव. माणूस तोच असल्यामुळे कातडी जवळजवळ काळी राहते, आणि जे मॉडेलला परत काढता आलं नाही ते उजळ दिसतं, म्हणजे पट्टा, गॉगलची दांडी, काचेवरची चमक. २०१९ च्या फेसशिफ्टर या शोधनिबंधात झाकलेला भाग याच युक्तीनं शोधला आहे. कोणत्या फ्रेम हातानं आखायच्या, हे यातून पटकन कळतं.

बोरीकाठ

ताई, मनापासून आभार. मास्क नव्यानं शिकवला, पट्टा आता पूर्ण शॉटभर टिकतोय. पण नवीनच दिसतंय: नायकाचा जबडा निमुळता आहे, डुप्लिकेटचा रुंद. हनुवटीच्या बाजूला पट्टा आणि गाल यांच्यात फट पडते, पट्टा हवेत लटकल्यासारखा वाटतो.

गिरणाई

पट्टा डुप्लिकेटच्या जबड्यावर बसलाय, म्हणून त्या शॉटपुरता जबडा डुप्लिकेटचाच ठेवायचा. मर्जरमध्ये मास्क मोड `XSeg-prd*XSeg-dst` कर. दोन्ही मास्क जिथे जुळतात तेवढाच भाग बदलेल, आणि उरलेल्या कडेला डुप्लिकेटची खरी कातडी राहील, पट्ट्याला चिकटलेली. रंग जुळला तर जोड दिसत नाही. ओळख डोळे, नाक, ओठ यांतून पटते, आणि हेल्मेटमध्ये जबड्याच्या कडेकडे कुणी बघत नाही. `blur` मात्र कमी ठेव, नाहीतर पट्ट्याच्या काठाने धूसर झालर दिसेल.

पट्ट्याची गालावरची सावली वगळू नकोस. ती कातडीवर आहे, म्हणजे बनवायच्या भागात येते. ट्रेन केलेलं मॉडेल डुप्लिकेटच्या उजेडावरूनच शिकतं, म्हणून बहुतेक वेळा सावली स्वतःच आणतं. आली नाही तर पट्टा चिकटपट्टीसारखा वरून लावलेला वाटतो. तेव्हा कंपोझिटमध्ये पट्ट्याखाली हलकी गडद कड `Multiply` मध्ये द्यावी.

रावेरवाली

फिकट काचेच्या गॉगलचं कुणी बोललंच नाही. आमच्या एका जाहिरातीत काच पूर्ण वगळली होती, तर नायकाच्या चेहऱ्यात डुप्लिकेटचे डोळे दिसत राहिले. ओळखीच्या सगळ्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं. मग आम्ही काच चेहऱ्यात धरली आणि फक्त फ्रेम वगळली. डोळे नायकाचे आले, पण काचेवरची आभाळाची चमक गेली आणि गॉगलला काचच नाही असं वाटायला लागलं.

गिरणाई

बरोबर, मास्कला तिथे हो किंवा नाही एवढंच कळतं, आणि काच मधली गोष्ट आहे. चमक मूळ फ्रेममधून वेगळी काढून वर `Screen` मोडमध्ये परत ठेवता येते. पण बोरीकाठकडे नायक उपलब्ध आहे, म्हणून त्याहून सोपी वाट आहे. तोच गॉगल नायकाला घालायला लाव, दुपारच्या उजेडात दोनेक मिनिटं डोकं सगळीकडे फिरवत चित्रीकरण कर, आणि त्या शॉटसाठी तेच चित्रीकरण स्रोतात घाल. मग दोन्ही बाजूंना काच आहे, मॉडेलला ती ओळखीची आहे, आणि गॉगल अख्खा चेहऱ्यात धरता येतो. जुन्या क्लिपमध्ये गॉगल वेगळा असेल, तर त्या क्लिप या शॉटच्या स्रोतातून काढून टाक. नाहीतर जुन्या गॉगलच्या कडा नव्या काचेत उमटतात.

पांझराकाठी

आणि रुमालाचा शॉट? मी तर तो बदलूच नका म्हणेन. वर हेल्मेट, खाली रुमाल, दिसतात फक्त डोळे आणि भुवया. प्रेक्षकाला काय कळणार?

रावेरवाली

मला नाही पटत. तेवढंच दिसतंय, म्हणून सगळं लक्ष तिथेच जातं. नायकाच्या भुवया जाड असतील आणि डुप्लिकेटच्या बारीक, तर लगेच कळतं.

गिरणाई

मी शॉट किती वेळ टिकतो ते बघेन. सेकंदभराचा, धावता असेल तर मूळच ठेवेन आणि भुवयांना फक्त रंग देईन. तीन-चार सेकंद कॅमेरा डोळ्यांवर थांबत असेल तर बदलावंच लागेल, पण नाकाच्या खाली काहीच न दिसल्यामुळे बिंदू जास्त चुकतील, सगळे हातानं लावायची तयारी ठेव. रुमालाची वरची कड श्वासानं हलते, ती प्रत्येक फ्रेमला वेगळी असते.

बोरीकाठ

शॉट अडीच सेकंदांचा आहे, शेवटी तो थेट कॅमेऱ्याकडे बघतो. मग बदलतोच. पंपावरच्या शॉटसाठी नायकाला रविवारी गॉगल घालून बोलावलंय.

एकच राहिलं. गतिरोधकावरून उडी बसते तिथल्या काही फ्रेममध्ये पट्टा इतका धूसर होतो की आत-बाहेर कळत नाही. XSeg ची रेष तिथे कुठून काढू?

गिरणाई

धूसर पट्ट्याच्या मधोमध, आणि शेजारच्या फ्रेममधल्या पट्ट्याच्या रुंदीइतकीच. तरीही पट्ट्यातून कातडी झिरपेल, कारण तिथे खरोखरच दोन्ही मिसळलेलं असतं. अशा पाच-सात फ्रेम असतील तर मी ब्लेंडरमध्ये हातानं मऊ कडेचा मास्क काढते, तोही दर वेळी जमतोच असं नाही. त्या फ्रेमचा एक स्क्रीनशॉट टाक, बघून सांगते.

बोरीकाठ

संध्याकाळी टाकतो ताई.