सहावीच्या अपूर्णांकांच्या कार्यपत्रिकेसाठी गोल रंगवायची उत्तरपट्टी कशी आखावी?

आबोली (डिचोली)
नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला गणित शिकवते. वर्गात ३८ मुले आहेत. दर शुक्रवारी अपूर्णांकांवर वीस प्रश्नांची कार्यपत्रिका देते. ती तपासण्यात शनिवार-रविवारच्या संध्याकाळी जातात, आणि सोमवारी कागद परत मिळेपर्यंत आपण काय चुकलो होतो हे मुलांच्या डोक्यातून गेलेले असते. स्पर्धा परीक्षेत गोल रंगवायचे असतात तशी उत्तराची जागा कार्यपत्रिकेवरच आखावी आणि मधल्या सुट्टीत सगळे कागद तपासून व्हावेत, असे वाटते. तपासणी हातानेच करायची आहे. शाळेत प्रिंटर नाही, नाक्यावर झेरॉक्स काढते. गोल केवढे असावेत, किती पर्याय द्यावेत, उत्तरसूची कशी करावी? कोणी स्वतः करून पाहिले असेल तर कृपया सविस्तर सांगा.

पेडण्याचा पालक
माझी मुलगी पाचवीत आहे, नवोदयची तयारी करते. बाजारात छापील ओएमआर पत्रिकांचे पॅड मिळते, ते आणा, आखायची गरजच नाही. आमचा त्रास वेगळाच आहे. ती कच्च्या कागदावर गणित बरोबर सोडवते आणि पत्रिकेवर एक ओळ वर रंगवते. सातवा प्रश्न सोडला की आठव्याचे उत्तर सातव्यात, आणि तिथून पुढचे सगळे घसरते. यावर काही उपाय आहे का?

खाजन
आबोलीबाई, सोपे आहे. घरच्या प्रिंटरवर पारदर्शक शीटवर उत्तरसूची छापा, बरोबर गोलांभोवती लाल कडे. कागदावर ठेवा आणि मोजा, बरोबर गोलांच्या जागी भोके पाडलेली पट्टी करायची कटकट नाही. शिवाय भोकांच्या पट्टीखाली मुलाने दोन गोल रंगवलेले असले तर ते झाकले जातात, पारदर्शक शीटमधून दिसतात. गुण एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये काढा. दुसऱ्या ओळीत बरोबर उत्तरे, तिसऱ्यापासून मुले:

```
=SUMPRODUCT(--(B3:U3=B2:U2))
```

हे खाली ओढले की सगळ्यांचे गुण तयार.

सुरंगी (फोंडा)
आबोलीताई, मी बरीच वर्षे हेच करते आहे, म्हणून जरा लांबण लावते.

गोलांचे आकारमान पंचवरून ठरवा. साध्या एकछिद्री पंचचे भोक सुमारे ६ मिलिमीटरचे असते, म्हणून गोल ५ मिलिमीटरचा ठेवा, म्हणजे पट्टी थोडी हलली तरी गोल भोकातच राहतो. आडवे अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ८ मिलिमीटर, उभे ९. यापेक्षा जवळ आणलेत तर दोन भोकांमधला कागद फाटतो.

दुसरी अडचण पंच घेऊन बसल्याशिवाय कळत नाही. त्याची पोच कडेपासून दोन-तीन सेंटिमीटरच असते, पानाच्या मध्यावर तो पोचतच नाही. म्हणून उत्तरे पानभर पसरू नका. सगळे गोल उजव्या कडेच्या एका उभ्या पट्टीत घ्या आणि उत्तरसूचीसाठी तेवढ्याच भागाची कार्डशीटची पट्टी कापा. ती साडेचार सेंटिमीटर रुंद असली की डावीकडचे दोन स्तंभ डाव्या कडेने आणि उजवीकडचे दोन उजव्या कडेने पंच करता येतात.

पट्टी कागदाच्या कडेला जुळवू नका. झेरॉक्स करताना मजकूर प्रत्येक प्रतीवर थोडा वर-खाली सरकतो, कडेचा भरवसा नसतो. पहिल्या ओळीच्या वर आणि शेवटच्या ओळीच्या खाली एकेक ठळक अधिकचिन्ह छापा, पट्टीत त्या जागीही भोके पाडा. दोन्ही चिन्हे भोकांच्या मधोमध दिसली की पट्टी बसली.

खाजनदादा म्हणतात ते दोन गोलांचे अगदी खरे आहे. त्यासाठी पट्टी ठेवण्याआधी एकदा वरून खाली नजर फिरवायची. एका ओळीत दोन गोल भरलेले दिसले की लाल रेघ मारून ती ओळ बाद. पण सूची घरच्या प्रिंटरवर छापून नाक्यावरच्या झेरॉक्सशी जुळेलच असे नाही. एके ठिकाणी ‘पानात बसवा’ निवडलेले असते, दुसरीकडे मूळ मापात छापतात, आणि दर ओळीला पडणारा बारीकसा फरक तळाशी गेल्यावर अर्ध्या गोलाएवढा होतो. म्हणून सूची त्याच गठ्ठ्यातल्या एका प्रतीवरून करायची. ती प्रत कार्डशीटवर चिकटवा आणि बरोबर गोलांवर पंच मारा. पारदर्शक शीटच हवी असेल तर ती त्या प्रतीवर ठेवून मार्करने कडी काढा. साधी शीट लेझर प्रिंटरमध्ये किंवा झेरॉक्स मशीनमध्ये मात्र घालू नका, आतल्या उष्णतेने ती वितळते.

आबोली (डिचोली)
सुरंगीताई, पोचेचे माझ्या डोक्यातही आले नव्हते! मग वीसही प्रश्न पर्यायांचे ठेवू का? अपूर्णांकात मुले अंदाजाने गोल भरतील अशी भीती वाटते. अंकांची जाळी द्यावी का, शून्य ते नऊ गोलांचे स्तंभ असतात तशी?

सुरंगी (फोंडा)
अंकांची जाळी यंत्रासाठी ठीक. तुम्ही स्वतः वाचणार, तर मुलाने चौकटीत लिहिलेला ११ तुम्हाला गोलांपेक्षा लवकर वाचता येतो. म्हणून मी १६ प्रश्न पर्यायांचे आणि शेवटचे ४ चौकटींचे ठेवते. चौकटीही त्याच उजव्या पट्टीत, गोलांच्या खाली. भोकांची पट्टी सोळाव्या ओळीला संपते आणि तिच्या खालच्या टोकावर या चार प्रश्नांची उत्तरे लिहिलेली असतात.

चौकटीसाठी प्रश्न असा घाला की उत्तर एकाच रूपात येईल. ‘बेरीज करा’ एवढेच लिहिलेत तर कोणी ६/८ लिहील, कोणी ३/४, आणि तुम्ही दर कागदावर विचार करत बसाल. त्याऐवजी ‘२/३ + १/४ चे उत्तर छेद १२ घेऊन लिहिल्यास अंश किती?’ असे विचारा. उत्तर ११, दुसरे काही नाही. अतिसंक्षिप्त रूप तपासायचे असेल तर प्रश्नात तसे स्पष्ट लिहून अंश आणि छेद दोन्हींच्या चौकटी द्या.

अंदाजाचे म्हणाल, तर चार पर्यायांत निव्वळ अंदाजाने सोळापैकी सरासरी चार बरोबर येणारच. पण चुकीचे पर्याय नीट निवडले तर चुकलेला गोलही कामाचा असतो. हीच बेरीज पर्यायांत घालायची असेल तर ११/१२ सोबत ३/७ ठेवा. तो गोल भरणारा मुलगा अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतो. ३/१२ भरणाऱ्याने छेद समान केला पण अंश तसेच ठेवले. २/१२ भरणाऱ्याने बेरजेचा गुणाकार केला. वर्गात ३/७ वाले बरेच निघाले तर सोमवारी काय शिकवायचे ते तुम्हाला तिथेच कळते. उगाच घातलेला १७/५ यातले काहीच सांगत नाही.

प्रश्न चार-चारच्या गटांत लावा: तुलना, समच्छेद बेरीज-वजाबाकी, भिन्नच्छेद बेरीज-वजाबाकी, गुणाकार. प्रत्येक गटानंतर ५ मिलिमीटर मोकळी जागा सोडा. पेडण्याच्या दादांच्या मुलीची ओळ घसरते त्यावरही हाच उपाय, कारण घसरण झालीच तर गटाच्या शेवटी एक गोल कमी किंवा जास्त उरतो आणि मुलाला तिथेच कळते. एकाआड एक ओळ राखाडी करायचा मोह होतो, पण झेरॉक्समध्ये राखाडीचे काळे ठिपके होतात आणि भरलेला गोल ओळखू येत नाही.

पेडण्याचा पालक
चार-चारचे गट तिला आजच आखून देतो. पण खऱ्या परीक्षेच्या पत्रिकेवर अशी मोकळी जागा नसली तर?

सुरंगी (फोंडा)
तिथे तिला दर चौथ्या उत्तरानंतर प्रश्नाचा आकडा आणि ओळीचा आकडा ताडून पाहायची सवय लावा, दादा.

वाळपईवाला
खाजन, ते सूत्र खाली ओढले की दुसऱ्या मुलाची उत्तरे पहिल्या मुलाशी ताडली जातील, कारण B2:U2 सुद्धा खाली सरकते. ओळ बांधून ठेवा, आणि आता पर्यायांचे प्रश्न सोळाच आहेत म्हणून Q पर्यंतच घ्या:

```
=SUMPRODUCT(--(B3:Q3=B$2:Q$2))
```

आणि बाईंना याची गरज आहे का? ३८ मुलांची सोळा-सोळा उत्तरे टाइप करायची म्हणजे ६०८ नोंदी. वाचवलेला सगळा वेळ तिथेच गेला.

खाजन
डॉलरचे मान्य. नोंदी मी मुलाला बसवून करून घेतो, म्हणून तो वेळ माझ्या हिशेबात येत नाही.

सुरंगी (फोंडा)
वाळपईवाल्यांशी सहमत. मी कागदावरच भागवते. पट्टी ठेवली की ज्या भोकात पांढरे दिसते त्यात लाल ठिपका देते. मुलाला बरोबर उत्तर तिथेच कळते, वेगळे लिहावे लागत नाही. मग गटातले लाल ठिपके मोजून बाजूच्या चौकटीत फक्त चुका लिहायच्या, कारण बहुतेकांच्या चुका बरोबर उत्तरांपेक्षा कमी असतात. बाद केलेल्या ओळीचे भोक भरलेले दिसले तरी ती चूक धरायची.

समजा एकाचे आकडे आले ०, १, ३, ० आणि चौकटींच्या प्रश्नांत १. एकूण चुका ५, गुण १५. गुणपत्रकात नावापुढे हे पाच आकडे आणि बेरीज, एवढेच. आडवे वाचले तर तो मुलगा भिन्नच्छेदात अडलाय. उभा स्तंभ वाचला तर वर्ग कुठे अडलाय ते दिसते. एका कागदाला पंधरा-वीस सेकंद धरा, म्हणजे ३८ कागद दहा-बारा मिनिटांत.

म्हादईकाठ
हायस्कूलला गणित शिकवतो. माझा आक्षेप नोंदवून ठेवा. लाल ठिपक्यांनी उत्तर कळते, पायरी कळत नाही. भिन्नच्छेदाच्या वजाबाकीत एखादा मुलगा लसावि बरोबर काढतो आणि शेवटी साधी वजाबाकी चुकवतो. त्याला शून्य आणि काहीच न केलेल्यालाही शून्य? दर शुक्रवारी हेच चालले तर मुले पायऱ्या लिहायचे सोडतील आणि नववीत ते आम्हाला निस्तरावे लागेल.

सुरंगी (फोंडा)
सर, ही भीती मलाही आहे. म्हणून पानाच्या मागे दोन गणिते पूर्ण पायऱ्यांनी सोडवायला देते आणि त्या आठवड्यात ज्या गटाचा स्तंभ वाईट आला तेवढीच नीट तपासते. त्याने तुमचे पूर्ण समाधान होणार नाही, माझेही होत नाही.

आबोली (डिचोली)
या शुक्रवारी सोळा आणि चार असेच आखते. दोन गोष्टी राहिल्या. गोल पेनाने भरून घेऊ की पेन्सिलने? आणि पावसाळ्यात आमच्याकडे कागद इतका सर्दावतो की कार्डशीटही वाकते, पट्टी टिकेल का?

सुरंगी (फोंडा)
पंच करण्याआधी पट्टीला दोन्ही बाजूंनी रुंद सेलोटेप लावा किंवा लॅमिनेट करा, मग वाकत नाही. आधी पंच करून वर टेप लावलीत तर भोके झाकली जातात, लाल पेन आत जात नाही. आणि गोल पूर्ण रंगवायची सक्ती यंत्रामुळे असते. आपल्याला गोलात ठळक फुली पुरते. सहावीची मुले गोल घोटत बसतात, त्यात गणिताचा वेळ जातो.

वाळपईवाला
फुली नको असे माझे मत. पुढे परीक्षेत गोलच भरायचे आहेत, सवय आत्ताच लागू दे. आणि पेन्सिलच द्या, ओल्या कागदावर बॉलपेनची शाई मागच्या पायऱ्यांच्या बाजूला उमटते.

म्हादईकाठ
पेन्सिल दिलीत तर कागद परत मिळाल्यावर खोडून ‘बाई, हे बरोबर होते’ म्हणणारेही निघतील.

सुरंगी (फोंडा)
लाल ठिपका बरोबर गोलातच बसलेला असतो, सर. त्यावर नंतर पेन्सिल फिरवली तरी लाल खालून दिसते. पेन्सिल चालेल. फुली की पूर्ण गोल, ते आबोलीताईंनी आपल्या वर्गाकडे बघून ठरवावे.