फोन हरवला, खात्यातून ९३,५०० गेले: आजोबांनी बँकेला द्यायचं पत्र (सोसायटी ग्रुप, नाशिक)

पाटील ताई, बी-४०३ (गुरुवार, सकाळी ८:१०)
बी-२०१ मधल्या आजोबांचा फोन काल संध्याकाळी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात गेला. त्यानंतर खात्यातून तीन वेळा यूपीआयने पैसे गेलेत. ७:४० ला ४०,०००, ७:५२ ला ३८,५०० आणि ९:१५ ला १५,०००. त्यांच्या मुलाने ८:५० ला बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक मिळालाय. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवरही रात्रीच नोंद झाली. आता शाखेत पत्र द्यायचंय. पासबुकाचा फोटो टाकते, कुणीतरी मसुदा करून द्या.

अ‍ॅड. मेधा, सी-३०१ (८:१४)
ताई, पासबुकाचा फोटो आधी सगळ्यांसाठी डिलीट करा. खाते क्रमांक, आयएफएससी, जन्मतारीख यातलं काहीच ग्रुपवर नको. मसुद्यात रिकाम्या जागा ठेवू, त्या ते घरी भरतील.

कुलकर्णी काका, ए-१०२ (८:२१)
मसुद्याआधी एक गोष्ट नीट बघा. तिसरा व्यवहार ९:१५ चा आहे आणि तक्रार ८:५० ची. म्हणजे बँकेला कळवल्यानंतर पंचवीस मिनिटांनी १५,००० गेले. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे की कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं. ग्राहकाचा हलगर्जीपणा सिद्ध झाला तरीही. म्हणून पत्रात ९३,५०० अशी एकच रक्कम लिहू नका. ७८,५०० वेगळे आणि १५,००० वेगळे दाखवा. सगळं एकत्र लिहिलं की वाद पहिल्या दोन व्यवहारांवर होतो आणि त्यात वाद नसलेले १५,००० सुद्धा अडकून पडतात.

पाटील ताई, बी-४०३ (८:२४)
हे लक्षातच आलं नव्हतं. आणि उरलेल्या ७८,५०० चं काय? हेल्पलाइनवाला म्हणाला, पिन बरोबर टाकलाय म्हणजे जबाबदारी तुमचीच.

समीर, डी-५०४ (८:३३)
पिन बरोबर पडला एवढ्यावरून तो आजोबांनी टाकला किंवा कुणाला सांगितला असं ठरत नाही. यूपीआय पिन नव्याने सेट करायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि त्याच नंबरवर येणारा ओटीपी लागतो. फोन हातात असेल तर ओटीपी तिथेच येतो, आणि कार्डाचा फोटो बऱ्याच जणांच्या गॅलरीत किंवा व्हॉट्सअ‍ॅपमध्ये असतोच. स्क्रीनचं पॅटर्न सोपं असेल तर चोराला एवढं पुरतं. त्यामुळे पत्रात बँकेकडे थेट माहिती मागा. काल ६ ते ९:१५ दरम्यान या खात्याचा यूपीआय पिन बदलला गेला का, किती वाजता, कुठल्या पद्धतीने, आणि त्या वेळी व्यवहार कुठल्या हँडसेटवरून झाले. पिन बदल ७:३० च्या सुमारास निघाला, तर ‘ग्राहकानेच पिन दिला’ हे म्हणणं टिकणं अवघड.

अ‍ॅड. मेधा, सी-३०१ (८:४१)
आणि जबाबदारी ग्राहकाची हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, तेही त्याच परिपत्रकात आहे. पण समीर, दुसरी बाजूही सांगायला हवी. पिन कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवला असेल, तर बँक त्याला हलगर्जीपणा म्हणणार, आणि तेव्हा तक्रारीआधीचं पूर्ण नुकसान ग्राहकाच्या अंगावर येऊ शकतं. आजोबांना आधी शांतपणे विचारा. जे खरं आहे तेच लिहायचं. मात्र अंदाज लिहायचे नाहीत. ‘बहुधा माझ्याच चुकीमुळे’ किंवा ‘कदाचित कुणाला ओटीपी सांगितला असेल’ अशी वाक्यं वयस्कर माणसं घाबरून लिहितात. फाइलमध्ये पुढे तीच कबुली म्हणून वाचली जातात.

पाटील ताई, बी-४०३ (८:४६)
विचारून आले. पिन कुठेही लिहिलेला नव्हता, कुणाला सांगितलेला नाही, फोनवर कुणाशी बोलणंही झालं नाही. कार्डाचा फोटो मात्र गॅलरीत होता, मुलाने कधीतरी काढला होता.

कुलकर्णी काका, ए-१०२ (९:०५)
ठीक. हा मसुदा. आजोबांनी शक्यतो स्वतःच्या हाताने लिहावा, नाहीतर टाइप करून खाली बँकेत नमुना दिलेली सहीच करावी. हात थरथरत असेल आणि सही जुळत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा. सही जुळत नाही म्हणून पत्र परत येतं, हे बऱ्याच वेळा होतं.

> प्रति,
> मा. शाखाधिकारी,
> (बँक व शाखा), नाशिक
>
> विषय: बचत खाते क्र. ______ मधून झालेल्या अनधिकृत यूपीआय व्यवहारांची रक्कम परत जमा करणेबाबत. हेल्पलाइन तक्रार क्र. ______
>
> महोदय,
>
> मी आपल्या शाखेचा खातेदार असून माझे वय __ वर्षे आहे. बुधवार दि. ______ रोजी सायंकाळी सुमारे ६:३० वाजता माझा मोबाइल फोन (नोंदणीकृत क्र. ______) गोदाघाट परिसरात चोरीस गेला. त्यानंतर माझ्या खात्यातून पुढील व्यवहार झाले. ते मी केलेले नाहीत आणि त्यांना माझी संमती नाही.
>
> अ) बँकेला कळवण्यापूर्वी: सायं. ७:४० वाजता ₹४०,००० (संदर्भ क्र. ______) आणि सायं. ७:५२ वाजता ₹३८,५०० (संदर्भ क्र. ______). एकूण ₹७८,५००.
>
> आ) बँकेला कळवल्यानंतर: रात्री ९:१५ वाजता ₹१५,००० (संदर्भ क्र. ______).
>
> माझ्या मुलाने रात्री ८:५० वाजता आपल्या हेल्पलाइनवर फोन करून फोन चोरीस गेल्याचे व व्यवहार अनधिकृत असल्याचे कळवले आणि यूपीआय व कार्ड बंद करण्यास सांगितले. १९३० या क्रमांकावरही तक्रार नोंदवली आहे (पोच क्र. ______).
>
> मी यूपीआय पिन, ओटीपी किंवा पासवर्ड कोणालाही सांगितलेला नाही, तसेच कोठेही लिहून ठेवलेला नव्हता.
>
> माझ्या मागण्या:
> १) ‘आ’ मधील ₹१५,००० बँकेला कळवल्यानंतर गेले असल्याने ते बँकेने भरून द्यावेत.
> २) ‘अ’ मधील ₹७८,५०० रिझर्व्ह बँकेच्या दि. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार तक्रारीपासून १० कामकाजाच्या दिवसांत, व्यवहाराच्या तारखेपासून मूल्य धरून, खात्यात जमा करावेत.
> ३) बुधवारी सायं. ६ ते रात्री ९:१५ दरम्यान यूपीआय पिन बदलल्याची वेळ व पद्धत, वापरलेल्या हँडसेटची नोंद आणि हेल्पलाइन कॉलची नोंद जतन करून तिची लेखी माहिती द्यावी.
> ४) रक्कम ज्या खात्यांत गेली त्या बँकांना कळवून शिल्लक रक्कम रोखण्याची कार्यवाही करावी.
> ५) खात्यातून पैसे जाणे बंद ठेवावे. निवृत्तिवेतन जमा होणे चालू ठेवावे.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, पत्ता, संपर्कासाठी पर्यायी क्रमांक)

समीर, डी-५०४ (९:१२)
पाचवा मुद्दा कृपया कुणी गाळू नका. घाईत लोक ‘माझं खातं बंद करा’ असं लिहून देतात आणि पुढच्या महिन्यात पेन्शन परत जाते. हवं आहे ते फक्त डेबिट रोखणं. त्या खात्याला मुदत ठेवी जोडलेल्या असतील तर त्या ऑनलाइन मोडल्या आहेत का किंवा त्यांच्यावर ओव्हरड्राफ्ट उघडला आहे का, तेही काउंटरवरच तपासून घ्या.

तिन्ही संदर्भ क्रमांक बारा अंकी असतात. फोन नसला तरी पासबुक भरून घेतलं की व्यवहारासमोर सापडतात. अर्धवट छापले गेले तर शाखेतून स्टेटमेंट मागा. क्रमांक चुकला तर समोरच्या बँकेला व्यवहार शोधता येत नाही.

पाटील ताई, बी-४०३ (९:१५)
शाखेवाले म्हणाले तर, ऑनलाइन तक्रार केलीये ना, मग पत्र कशाला?

कुलकर्णी काका, ए-१०२ (९:२४)
पत्र दोन प्रतींत न्यायचं आणि दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही. शिक्का दिला नाही तर वाद घालत बसू नका. तेच पत्र स्कॅन करून शाखेच्या आणि बँकेच्या नोडल अधिकाऱ्याच्या ईमेलवर टाका, शिवाय स्पीड पोस्टने पाठवा. बँकेचा स्वतःचा डिस्प्यूट फॉर्म असतो, तोही भरा आणि हे पत्र त्याला जोडा. फॉर्ममध्ये ‘व्यवहार कसा झाला’ या चौकटीत नुसतं ‘पत्र जोडले आहे’ लिहिलं तरी चालतं.

दिवसांचा हिशोबही सांगतो. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा व्यवहारात बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यासाठी प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० ग्राहकाचे जातात. त्यापुढे बँकेचं स्वतःचं धोरण लागतं. सूचना मिळाल्याचा दिवस मोजत नाहीत. बुधवारी एसएमएस आला, म्हणून गुरुवार पहिला, शुक्रवार दुसरा. हा दुसरा शनिवार आहे, बँक बंद. म्हणजे सोमवार तिसरा.

अ‍ॅड. मेधा, सी-३०१ (९:२९)
एसएमएस तर चोरीला गेलेल्या फोनवरच आले, म्हणजे आजोबांना सूचना मिळालीच नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण त्यावर विसंबून थांबू नका. मुलाने ८:५० लाच कळवलंय, हीच आपली सगळ्यात मजबूत बाजू आहे. त्याच्या फोनच्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट आज घेऊन ठेवा आणि पत्राला जोडा.

पोलिसांकडे ‘गहाळ’ म्हणून नोंद करू नका, चोरी झाली आणि पैसे गेले असं स्पष्ट लिहा. गोदाघाटाजवळ पंचवटी आणि सरकारवाडा दोन्ही ठाण्यांची हद्द लागते. हद्द आमची नाही म्हणून दखलपात्र गुन्ह्याची माहिती नाकारता येत नाही. त्या तक्रारीची प्रत पुढे ceir.gov.in वर हँडसेट ब्लॉक करायलाही लागते.

पाटील ताई, बी-४०३ (९:३३)
मुलगा सिमकार्ड बदलून घ्यायला कॉलेज रोडला गेलाय. मिळालं की नेट बँकिंग चालू करू का?

समीर, डी-५०४ (९:३७)
आज नको. बदललेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, ती सुरक्षेचीच सोय आहे. ओटीपी येणार नाही आणि आजोबा उगाच पुन्हा घाबरतील. बँकेच्या आणि १९३० च्या तक्रारीत तोवर मुलाचा नंबर संपर्कासाठी द्या. बँकेचा नंबर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्या, इंटरनेटवर शोधून नको. आणि ‘तुमचे पैसे परत करतो, फक्त ओटीपी सांगा’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेल्यांना असे फोन लगेच यायला लागतात.

पाटील ताई, बी-४०३ (९:४१)
आणि दहा दिवसांत पैसे जमा झाले तर प्रकरण मिटलं का?

कुलकर्णी काका, ए-१०२ (९:५०)
नाही. ती तात्पुरती जमा असते. चौकशी संपेपर्यंत बँक ती रक्कम रोखून ठेवू शकते, त्यामुळे ‘खात्यात दिसते पण काढता येत नाही’ असं झालं तर दचकू नका. जबाबदारी कुणाची ते तक्रारीपासून ९० दिवसांत ठरवायचं असतं. १९३० मुळे समोरच्या खात्यात काही रक्कम अडवली गेली असेल तर ती वेगळी गोष्ट. ती सोडवायला न्यायालयाचा आदेश लागू शकतो, आणि बँकेने ‘पोलिसांकडून मिळेल’ म्हणून आपली जबाबदारी तिकडे ढकलू नये.

अ‍ॅड. मेधा, सी-३०१ (९:५४)
३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करायची. फी नाही, वकील लागत नाही. तिथे शिक्क्याची प्रतच अपलोड करायची असते. नकार तोंडी देतील, तो लेखी मागा. लेखी नकारात बँकेला कारण द्यावं लागतं, आणि त्या कारणात पिन बदलाची वेळ आली नसेल तर लोकपालापुढे आधी तेच दाखवायचं.

पाटील ताई, बी-४०३ (१०:०२)
प्रिंट काढली, दोन प्रती. आजोबा स्वतः येतायत, सोबत मुलगा. ११ ला शाखेत.

कुलकर्णी काका, ए-१०२ (१०:०४)
पासबुक, आधारची प्रत, १९३० चा पोच क्रमांक आणि कॉल लॉगचा प्रिंट घ्या. रिकाम्या जागा भरल्यावर ८:५० आणि ९:१५ या दोन वेळा पुन्हा एकदा स्टेटमेंटशी ताडून मगच सही करा.