अनुभव हवेत : आईवडिलांच्या ठेवी, जॉइंट खातं आणि मुखत्यारपत्र

सायली_ठाणे: बाबा ८१ वर्षांचे. एफडी सगळ्या त्यांच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी आई. हल्ली विसरतात, एकच बिल दोनदा भरतात. भाऊ म्हणतो, कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं की पुढची चिंता मिटली. तुमच्या घरी काय केलंत?

गजानन_क: आई नॉमिनी आहे ना? मग पैसे तिचेच. कशाला कागद वाढवता?

माजी_शाखाधिकारी: गजाननराव, बाबा हयात असेपर्यंत नॉमिनीला त्या खात्यातला रुपयाही काढता येत नाही. नंतरही बँक पैसे तिच्या हाती देते, ते इतर वारसांच्या वतीनेच.
सायलीताई, मुखत्यारपत्र देणाऱ्याची समजशक्ती गेली की आपल्या कायद्यात ते संपतं. गरज नेमकी तेव्हाच पडते! बाबांना कळतंय तोवर ठेवींना दुसरं नाव लावून घ्या.
पण एक मेख आहे. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ एफडी मुदत संपल्यावर एकाच्या सहीवर मिळते. मुदतीआधी मोडायची तर साधारणपणे दोघांच्या सह्या मागतात. पाच लाखांची पाच वर्षांची पावती असेल आणि दुसऱ्या वर्षी बाबांना सही समजेनाशी झाली, तर जॉइंट असूनही पैसे तीन वर्षं अडकले. म्हणून आम्ही लोकांना सांगायचो, मोठी पावती फोडून वर्ष-वर्षाच्या करा, आपोआप नूतनीकरण बंद ठेवा, मुदतीनंतर रक्कम जॉइंट बचत खात्यात येऊ दे. एक गेल्यावर दुसऱ्याला मुदतीआधी मोडता यावी, अशी दोघांच्या सहीची सूचनाही आधीच देऊन ठेवा. ती नसेल तर वारसांची संमती मागतात.

मीनल: आईला अर्धांगवायू झाला, सही होईना. बँकेचा अधिकारी घरी आला, दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेतला. त्यातला एक साक्षीदार बँकेचाच. काम झालं.

माजी_शाखाधिकारी: कारण त्यांना सगळं समजत होतं. हात चालत नाही आणि उमजत नाही, यात बँक फरक करते.

परदेशस्थ_नाशिककर: मी इथून वकिलातीत साक्षांकित करून पाठवलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागलं. ध्यानात ठेवा.

सायली_ठाणे: पण दादा, मुखत्यारपत्र मी देणार नाहीये, बाबा देणार आहेत :) आणि दुसरं नाव माझं लावलं तर भाऊ रुसेल.

विद्या_काकू: आमच्या दिरांचं नेमकं असंच झालं गं. स्मृतिभ्रंश वाढला, ठेवी एकट्याच्या नावावर. शेवटी जावेला पालक नेमण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका केली. डॉक्टरांचा अहवाल, मुलांची संमती, मालमत्तेची यादी, सगळं लागलं. तेवढ्यात इस्पितळाची बिलं मुलांनी कर्ज काढून भरली. भाऊ रुसला तर रुसू दे. नाहीतर आईचंच नाव लाव.

सायली_ठाणे: आई ७८. तिलाही उद्या काही झालं तर? तिघांची नावं एकत्र लावता येतात का?

माजी_शाखाधिकारी: लावता येतात, ‘एनीवन ऑर सर्व्हायव्हर’ म्हणून. मुदतीआधी मोडायला मग कोणाकोणाच्या सह्या लागतील, ते शाखेत लेखी विचारा. त्यावर मी शब्द देणार नाही.