‘नूतनीकरण’, ‘मुदतवाढ’ की नुसतं ‘पुढील वर्ष’?

मृदुला
आम्ही गृहनिर्माण संस्थांना हिशेबाचं सॉफ्टवेअर वर्षाच्या बोलीवर देतो. सांगलीच्या एका 84 सदनिकांच्या संस्थेचं वर्ष 31 मार्च 2026 ला संपतंय. त्यांना मेल पाठवायचा आहे. माझा मसुदा असा होता:

«आपल्या सदस्यत्वाचे नूतनीकरण जवळ आले आहे. गेल्या वर्षात आम्ही आपल्याला भरीव मूल्य प्रदान केले. नवीन अट 1 एप्रिलपासून एक वर्षाची असेल. सुधारित दर लागू राहतील.»

पाठवण्याआधी तिथल्या सचिवांना फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, “नूतनीकरण कसलं? आमच्याकडे फक्त गच्चीच्या गळतीचं काम निघालंय.” मग म्हणाले, “आणि ही नवीन अट कुठली?” माझ्या चार वाक्यांतली दोन त्यांच्यापर्यंत पोचलीच नाहीत. ‘नूतनीकरण’च्या जागी ‘मुदतवाढ’ लिहू का?

प्राची
हो, ‘मुदतवाढ’च लिहा. शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. ‘नूतनीकरण’ परवान्याला ठीक, नाहीतर नाट्यगृहाला. ‘अट’ मात्र मला चुकीचा वाटत नाही. इंग्रजीत ‘टर्म’ म्हणजे अटच ना, ‘टर्म्स अँड कंडिशन्स’मधली?

दस्तलेखक
‘नूतनीकरण’बद्दल प्राचीताईंचं बरोबर आहे. वाहनपरवाना, दुकानाचा परवाना यांचं नूतनीकरण कोणालाही कळतं, कारण मागे ‘परवान्याचे’ असतं. इमारतीच्या संस्थेला मात्र तो शब्द इमारतीकडेच नेणार. त्यातून मृदुलाताईंनी त्याच्या आधी ‘सदस्यत्व’ घातलंय. गृहनिर्माण संस्थेत सदस्य म्हणजे भागधारक, सदनिकेचा मालक. ‘आपल्या सदस्यत्वाचे नूतनीकरण’ वाचून एखादा सचिव भागपत्रं शोधायला लागेल.

पण ‘मुदतवाढ’ इथे चालणार नाही. मी भाडेकरारांचे मसुदे करतो, तिथे हा फरक रोज लागतो. मुदतवाढ म्हणजे जुनाच करार, जुन्याच अटींवर, आणखी काही काळ ताणलेला. नूतनीकरण म्हणजे जुना संपला आणि नवा सुरू झाला, मग त्यातली रक्कम बदलली तरी चालते. रोजच्या बोलण्यातही मुदतवाढ ही मागणारा मागतो आणि देणारा देतो: विवरणपत्र भरायला मुदतवाढ मिळाली, अर्जाला मिळाली. त्यात सवलतीचा वास आहे. ‘आपल्याला एक वर्षाची मुदतवाढ देत आहोत’ हे वाचून संस्था जुन्या दरातच चालू राहील असं समजेल, कदाचित फुकटही समजेल. तुमचा दर बदलतोय का?

मृदुला
बदलतोय. 12,000 चे 13,200, वर जीएसटी.

दस्तलेखक
मग मुदतवाढ नकोच. आणि ‘टर्म’बद्दल: अनेकवचनात ‘टर्म्स’ म्हणजे अटी, पण ‘एक वर्षाची टर्म’ म्हणजे मुदत. नगरसेवकाची टर्म संपते तेव्हा अट संपत नाही. तुम्हाला ‘पुढील मुदत’ म्हणायचं आहे.

खजिनदार
व्याजाचं वाक्य घातलं का? आमच्या संस्थेत थकबाकीवर उपविधीप्रमाणे वार्षिक 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं. ते लिहिल्याशिवाय कोणी पैसे भरत नाही.

मृदुला
काका, ही थकबाकी नाही. त्यांचं एक रुपयाही देणं नाही. पुढचं वर्ष घ्यायचं का, एवढंच विचारायचं आहे.

खजिनदार
असं होय. ‘सुधारित दर लागू राहतील’ वाचून वाटलं, कोणीतरी काहीतरी बुडवलंय. मग ग्राहकाच्या बाजूने सांगतो. ‘सुधारित’ लिहू नका. किती होतं नि किती झालं ते शेजारी शेजारी लिहा. ‘अधिक जीएसटी’ लिहून थांबू नका, मला धनादेशावर एकच आकडा लिहायचा असतो.

वसंतराव
साधा मराठी शब्द आहे की, वर्गणी! आमच्या घरी मासिक यायचं, त्याच्या वेष्टनावर शिक्का असायचा, ‘आपली वर्गणी या अंकाबरोबर संपत आहे’. सहा शब्द. वडील त्याच संध्याकाळी मनीऑर्डरचा फॉर्म भरायचे. त्यात ना मूल्य होतं, ना नूतनीकरण.

प्राची
सुंदर आहे, पण आज वर्गणी म्हटलं की गणपतीचं पावतीपुस्तक डोळ्यांपुढे येतं. ती ऐच्छिक असते, आणि थोडी घासाघीसही चालते.

वसंतराव
वर्गणीदार या शब्दात घासाघीस नव्हती.

मृदुला
वाक्य मी जसंच्या तसं घेणार आहे, शब्दाचं बघते. ‘मूल्य’चं काय करू? साहेबांचा आग्रह आहे की वर्षभरात काय दिलं ते आलं पाहिजे.

दस्तलेखक
आलंच पाहिजे, पण ‘मूल्य’ या नावाने नाही. मराठीत मूल्य म्हणजे आधी किंमत, मग नीतिमूल्यं. ‘मूल्य प्रदान केले’ वाचून खजिनदाराला वाटेल की त्यांनी पैसे भरले त्याचा उल्लेख आहे. काय झालं ते सांगा, आणि क्रियापद जपून निवडा. ‘आम्ही बिले दिली’ खोटं आहे, बिलं त्यांच्या कारकुनाने काढली. ‘आपल्या कार्यालयातून बिले निघाली’ म्हटलं की काम त्यांचं राहतं आणि तुमचं साधन दिसतं.

मृदुला
84 सदनिका, बारा महिने, म्हणजे 1,008 बिलं?

खजिनदार
मार्चचं बिल निघालंय का? आज फेब्रुवारी आहे. अकरा महिन्यांची 924 होतात. माझ्यासारखा माणूस हे मोजून बघतो, आणि एक आकडा चुकला की पुढचा कुठलाच खरा वाटत नाही.

मृदुला
खरंय. दुरुस्त मसुदा:

«विषय: हिशेब सेवेचे पुढील वर्ष

सप्रेम नमस्कार,
एप्रिल 2025 पासून फेब्रुवारीपर्यंत आपल्या कार्यालयातून या सॉफ्टवेअरवर 924 देखभाल बिले निघाली. सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी लागणारी थकबाकीची यादी, जिला आधी चार दिवस लागत असे असे आपण सांगितले होते, ती एका दुपारी तयार झाली.

आपली चालू मुदत 31 मार्च 2026 रोजी संपत आहे. पुढील मुदत 1 एप्रिल 2026 ते 31 मार्च 2027 अशी राहील. वार्षिक शुल्क 12,000 रुपयांवरून 13,200 रुपये होत आहे; 18 टक्के जीएसटी धरून एकूण 15,576 रुपये.

सेवा चालू ठेवायची असल्यास 20 मार्चपर्यंत कळवावे. न कळवल्यास 1 एप्रिलपासून नवीन बिले काढता येणार नाहीत. जुन्या नोंदी मात्र पाहता व उतरवून घेता येतील.»

प्राची
विषयात ‘रिन्यूअल’ का नको? सचिव फोनवर ‘रिन्यू करून टाका’ असंच म्हणणार आहेत. शिवाय मेल शोधायचा झाला तर तोच शब्द टाकतील.

मृदुला
हे पटतंय, पण ‘पुढील वर्ष’ही सोडवत नाही.

दस्तलेखक
दोन्ही चालतील, मी ‘पुढील वर्ष’ ठेवलं असतं. ‘20 मार्चपर्यंत’मध्ये वीस तारीख धरली आहे का? ‘पर्यंत’वर मी भांडणं पाहिली आहेत. कोणी म्हणतो वीस उजाडेपर्यंत, कोणी म्हणतो वीस मावळेपर्यंत. ‘20 मार्च धरून’ किंवा वेळच लिहा.

खजिनदार
त्याहून आधीचा प्रश्न. दरवाढ आहे म्हणजे सचिव एकटे हो म्हणणार नाहीत, समितीत ठराव लागेल. आमची समिती महिन्याच्या शेवटच्या रविवारी बसते. मार्चमध्ये तो 29 ला आहे, तुमच्या 20 तारखेनंतर. त्यांचंही तसंच असेल तर निर्णय 22 फेब्रुवारीच्याच सभेत व्हायला हवा.

मृदुला
त्यांची सभा कधी असते ते उद्या सकाळी फोन करून विचारते. शेवटच्या रविवारीच असेल तर मेल याच आठवड्यात जाईल, आणि ‘22 फेब्रुवारीच्या सभेपुढे ठेवता यावे म्हणून आधी पाठवत आहोत’ ही ओळ वर घालते.