मदत हवी आहे: कोकम आगळाचा लोगो, फाइल गेली, वर्णनावरून मत द्याल का?

रातांबी: आमच्या बचत गटाच्या आगळासाठी लोगोचा कच्चा आराखडा केला होता. हार्ड डिस्क बंद पडली आणि फाइल गेली. परत काढायचाच आहे, तर त्याआधी मांडणीत काय खटकतंय ते कळावं म्हणून शब्दांत सांगते.

वर एक भरीव वर्तुळ, पिकलेल्या रातांब्याचा काळपट लाल. माथ्यावर देठाची छोटी हिरवी टोपी. वर्तुळाच्या मध्यातून कडेपर्यंत सहा पांढऱ्या रेघा, म्हणजे कापलेलं फळ. रेघांची जाडी वर्तुळाच्या रुंदीच्या शंभराव्या हिश्श्याइतकी. खाली त्याच लाल रंगात जाड तीन अक्षरी नाव, शिरोरेघ वर्तुळाइतकी रुंद. मध्ये टोपीच्या उंचीइतकी जागा सोडली होती, पण पहिल्या अक्षराची वेलांटी तिथे घुसते. त्यामुळे डावीकडे गर्दी होते आणि उजवीकडे मोकळं दिसतं. बघणाऱ्याला घरगुती वाटावं, पण दुकानात मांडल्यावर स्वच्छ आणि भरवशाचंही. लेबल पारदर्शक, वर्तुळ १८ मिलिमीटर.

बापू_सातारा: रिसायकल बिन पाहिलंत का? आमच्या मुलीच्या लग्नाचे फोटो असेच गेले होते, दुकानदाराने काढून दिले.

रातांबी: डिस्क दुरुस्तीला दिली होती बापू, काहीच निघालं नाही. आता मत हवंय ते आकार-रंगांवर.

चित्रलिपी: लाल-हिरवं शेजारी नकोच. काही लोकांना त्यातला फरक दिसत नाही. सरळ एकाच रंगात करा.

छापखानेवाला: फरक दिसत नाही हे खरं, पण टोपीचा आकार वेगळा कळला की भागतं. टोपी आणि वर्तुळात फट ठेवा. मला काळजी वाटते ती लेबलची. ताई, आगळ स्वतःच गडद लाल. भरलेल्या बाटलीवर पारदर्शक लेबलातला लाल लोगो दिसणारच नाही, पांढऱ्या रेघांच्या जागीही आगळच दिसेल. छापणाऱ्याकडे लोगोखाली पांढऱ्या शाईचा थर मागा, नाहीतर पांढरं लेबल घ्या.

दुसरं, १८ मिलिमीटरला तुमची रेघ ०.१८ मिलिमीटर होते. गडद रंगातली एवढी बारीक पांढरी रेघ शाई पसरून बुजते. जाडी दुप्पट तरी करा आणि रेघा मध्याच्या थोड्या अलीकडेच थांबवा, नाहीतर जाड झाल्यावर मध्यभागी पांढरा डाग होईल. साध्या प्रिंटरवर खऱ्या मापात काढून भरलेल्या बाटलीवर चिकटवा आणि हातभर लांबून बघा. वरची जागा शिरोरेघेपासून न मोजता वेलांटीच्या माथ्यापासून मोजा.

चित्रलिपी: तसं केलं तर नाव आणि फळ सुटं सुटं दिसेल. त्यापेक्षा वेलांटीच वर्तुळाच्या कडेने वळवा, फळाला धरून बसेल.

छापखानेवाला: मोठ्या फलकावर शोभेल. इतक्या लहान मापात ती वर्तुळाला चिकटली की नाव वाचताना अडखळायला होईल.

रातांबी: दोन्ही काढून बाटलीवर लावून बघते. दादा, पांढरा थर घेतला तर तो छापताना वेगळा रंग धरतात का? पाचशे लेबलं छापायची आहेत, दर विचारताना हे सांगावं लागेल.

छापखानेवाला: हो, बहुतेक ठिकाणी वेगळाच धरतात. दर पांढऱ्या लेबलाचाही मागून घ्या.